उजळणीची यादी आणि खात्रीचा आकडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुद्दा आज किती येतो याचा खात्रीचा आकडा उजळणीच्या यादीत टाकायचा आणि त्यावरून अभ्यासाचे तास वाटायचे, या पद्धतीबद्दल परीक्षेआधीच्या महिन्याभरात मुलांकडून आणि पालकांकडून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं भौतिकशास्त्राची घेतली आहेत, कारण त्यात बरोबर आणि चूक यांतला फरक पटकन दिसतो. इतर विषयांत काय बदलतं ते प्रश्न १२ मध्ये आहे.

१. माझ्याकडे धड्यांची यादी आहे आणि झालेल्या धड्यावर मी बरोबरची खूण करतो. खात्रीचा आकडा टाकून वेगळं काय होणार?

बरोबरची खूण एवढंच सांगते की तो धडा एकदा डोळ्यांखालून गेला. तो परीक्षेत सुटेल का, हे तिच्यातून कळत नाही. अशा यादीचा दुसरा तोटा असा की खुणा वाढवायच्या ओढीने हात आपोआप सोप्या धड्यांकडे जातो. शेवटच्या आठवड्यात यादी बरीचशी भरलेली दिसते आणि कोरे राहिलेले चार धडे नेमके अवघड निघतात.

खात्रीच्या आकड्याच्या यादीत प्रत्येक मुद्द्यासमोर तो आज किती येतो याचा आकडा असतो, आणि पुढच्या आठवड्यात कशाला किती तास द्यायचे ते त्या आकड्यावरून ठरतं. आकडा लहान असेल तर तास जास्त. तंत्र एवढंच आहे. कठीण भाग आहे आकडा खरा टाकण्याचा, त्यामुळे या पानावर सर्वांत जास्त जागा प्रश्न ४ आणि ५ ला दिली आहे.

२. आकडे १ ते १० ठेवू का? जास्त बारकाईने कळेल ना?

कळणार नाही. ६ आणि ७ मध्ये काय फरक, असं विचारलं तर तुम्हालाच सांगता येत नाही, आणि सोमवारचा ६ शुक्रवारच्या ६ सारखा नसतो. १ ते ५ मध्ये वेगळी अडचण येते. ठरवायचा कंटाळा आला की सगळीकडे ३ पडतो. मी १ ते ४ वापरायला सांगतो, कारण त्याला मधला आकडा नाही आणि मुद्दा जमतो की जमत नाही, यांपैकी एका बाजूला जावंच लागतं.

आकड्याचा अर्थ मात्र आधीच लिहून ठेवा, यादीच्या वरच्या बाजूला. माझा असा आहे:

१: प्रश्न वाचून सुरुवात कुठून करायची तेही सुचत नाही.
२: पुस्तक उघडं असेल किंवा एक सोडवलेलं उदाहरण समोर असेल तर जमतं.
३: पुस्तक मिटून नेहमीच्या पद्धतीचा प्रश्न सुटतो, पण फिरवून विचारला की अडतं.
४: पुस्तक मिटून, न पाहिलेला प्रश्न, ठरलेल्या वेळेत सुटतो. तोही दोन वेगवेगळ्या दिवशी.

या वर्णनांत ‘वाटतं’ हा शब्द कुठेही नाही. प्रत्येक ओळीत करून बघण्यासारखी गोष्ट आहे.

३. यादीत ‘विद्युत धारा’ असा अख्खा धडा लिहायचा की त्यातला एकेक मुद्दा?

एकेक मुद्दा. अख्ख्या धड्याला आकडा दिला की आतलं खिंडार झाकलं जातं. एका मुलीच्या यादीत विद्युत धारेला २ होते. आम्ही त्या धड्याचे चार भाग पाडले तेव्हा ओहमचा नियम ४, रोधांची एकसर आणि समांतर जोडणी २, किरचॉफचे नियम १ आणि व्हीटस्टन सेतू १ असे आकडे आले. चौघांची सरासरी २ येते हे खरं, पण तो २ यांपैकी एकाच मुद्द्याचं वर्णन करतो. धड्यावर नुसता २ पाहून ती पहिल्या पानापासून वाचायला बसली असती आणि पहिला तास ओहमच्या नियमात गेला असता, जो तिला येतच होता.

किती बारीक पाडायचं याचं माझं माप असं: ज्याची परीक्षा एका प्रश्नात, दहा-पंधरा मिनिटांत घेता येते, तो एक मुद्दा. त्याहून मोठा असेल तर फोडा. त्याहून लहान असेल, म्हणजे नुसती एक व्याख्या किंवा एक एकक असेल, तर शेजारच्या मुद्द्यात मिसळा. नाहीतर यादी दोनशे ओळींची होते आणि तिसऱ्या दिवशी कुणी ती उघडत नाही.

४. आकडा नेमका कधी टाकायचा? धडा वाचून झाल्याबरोबर टाकला तर चालेल ना, तेव्हा सगळं ताजं असतं?

ताजं असतं, म्हणूनच तेव्हा टाकायचा नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

वाचून झाल्यावर लगेच स्वतःला विचारलं, की मजकूर अजून डोळ्यांसमोर असतो आणि आपण त्या ओळखीलाच ज्ञान समजतो. थॉमस नेल्सन आणि जॉन डनलॉस्की या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये हे दाखवून दिलं. त्यांनी लोकांना शब्दांच्या जोड्या पाठ करायला दिल्या आणि विचारलं, ही जोडी नंतर आठवेल का? जोडी पाहिल्याबरोबर केलेला अंदाज कच्चा निघाला. मध्ये थोडा वेळ जाऊ देऊन केलेला अंदाज बराच अचूक निघाला. कारण सरळ आहे. थोडा वेळ गेल्यावर अंदाज करायचा म्हणजे उत्तर खरोखर आठवून बघावं लागतं, आणि परीक्षेतही तेच करावं लागणार असतं.

पुन्हा पुन्हा वाचण्याने हा भ्रम आणखी घट्ट होतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी पुन्हा न वाचता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहिणारे पुढे गेले. आपल्याला जास्त आठवेल अशी खात्री मात्र वाचणाऱ्यांनाच अधिक होती. म्हणजे नुसतं वाचून टाकलेला आकडा थोडाफार चुकत नाही, तो उलट दिशा दाखवू शकतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आज अभ्यास केलेल्या मुद्द्याचा आकडा उद्या किंवा परवा टाका. पुस्तक आणि वही मिटा. कोऱ्या कागदावर त्या मुद्द्याचा एक प्रश्न वेळ लावून सोडवा. उत्तर ताडून पाहा. मग प्रश्न २ मधल्या चार ओळी वाचा आणि जी लागू पडते तिचा आकडा लिहा. पहिल्यांदा यादी बनवताना सगळेच मुद्दे असे तपासावे लागतात आणि त्यात दोन-तीन दिवस जातात. मुलांना ते वाया गेल्यासारखे वाटतात, पण प्रश्न सोडवून बघणं हाच उजळणीचा चांगला प्रकार आहे, त्यामुळे त्या दिवसांत अभ्यासही होतच असतो.

५. प्रश्न सोडवण्याआधी स्वतःचा अंदाजही लिहायला सांगतात. निकाल कळतोच तर अंदाज कशाला?

कारण सर्वांत महाग चूक अंदाज आणि निकाल यांच्या मधल्या फटीत असते. प्रत्येक मुद्द्यासमोर दोन रकाने ठेवा: सोडवण्याआधी ‘अंदाज’, ताडून पाहिल्यावर ‘निकाल’. अंदाज १ आणि निकाल १ असेल तर काळजीचं काही नाही, तो मुद्दा तुमच्या नजरेत आहे. अंदाज ४ आणि निकाल २ आला तर त्या ओळीवर लाल खूण करा. तिच्याकडे तुम्ही आपणहून कधीच वळला नसता.

एक खरा प्रसंग सांगतो. प्रश्न असा होता: बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर २० सेंमी आहे, वस्तू ३० सेंमीवर ठेवली आहे, तर प्रतिमा कुठे मिळेल? मुलाने अंदाज लिहिला ४ आणि दोन मिनिटांत १२ सेंमी असं उत्तर काढलं. बेरीज अचूक होती, पण सूत्र आरशाचं होतं:

```
1/v + 1/u = 1/f   (आरसा)
1/v - 1/u = 1/f   (भिंग)
```

वस्तूचं अंतर ऋण धरलं, म्हणजे u = -30, की भिंगाच्या सूत्राने 1/v = 1/20 - 1/30 = 1/60 येतं आणि प्रतिमा ६० सेंमीवर मिळते. आरशाच्या सूत्रात तेच आकडे घातले की १२ येतात. चूक ओळखायला आकडेमोडही लागत नव्हती. वस्तू नाभीय अंतर आणि त्याच्या दुप्पट यांच्या मध्ये आहे, तेव्हा प्रतिमा दुपटीच्या पलीकडे, म्हणजे ४० सेंमीच्या पुढेच पडायला हवी. त्याने हा धडा तीनदा वाचला होता आणि तीनही वेळा दोन्ही सूत्रं ‘माहीत आहेत’ म्हणून पुढे सरकला होता.

अशा चुकांची एक दिलासा देणारी बाजू आहे. ब्रॅडी बटरफील्ड आणि जॅनेट मेटकाफ यांनी २००१ मध्ये दाखवलं, की ज्या चुकीच्या उत्तराची आपल्याला पक्की खात्री होती, ते दुरुस्त करून सांगितलं तर दुरुस्ती जास्त पक्की लक्षात राहते. धक्का बसतो आणि लक्ष तिथे खिळतं. पण त्यासाठी खात्री होती हे आधी नोंदलेलं हवं आणि बरोबर उत्तर लगेच समोर यायला हवं. अंदाज लिहिला नसेल तर ‘हो, हो, मला माहीत होतं, घाईत चुकलं’ म्हणून मन ती चूक पुसून टाकतं.

६. आकडे आले. आता तास कसे वाटायचे? नुसतं ‘कच्च्याला जास्त’ म्हटल्याने वेळापत्रक बनत नाही.

दोन गोष्टी धरा: मुद्दा किती कच्चा आहे आणि परीक्षेत त्याला किती गुण आहेत. कच्चेपणा म्हणजे ५ वजा खात्रीचा आकडा. त्याला गुणांनी गुणलं की त्या घटकाचं वजन मिळतं, आणि वजनाच्या प्रमाणात तास वाटायचे.

प्रश्न ३ मधल्या मुलीचंच उदाहरण घेऊ. तिच्याकडे भौतिकशास्त्रासाठी ३० तास होते. त्यातले ५ तास आम्ही आधीच बाजूला काढले, फेरतपासणी आणि मिश्र प्रश्नपत्रिकांसाठी. उरले २५. घटकाचा, म्हणजे अख्ख्या धड्याचा, आकडा ही त्यातल्या मुद्द्यांची सरासरी, पूर्णांकात.

| घटक | गुण | आकडा | वजन | तास |
|---|---|---|---|---|
| विद्युत धारा | १० | २ | ३ × १० = ३० | साडेसात |
| प्रकाश आणि भिंगं | १२ | ३ | २ × १२ = २४ | ६ |
| उष्मागतिकी | ८ | १ | ४ × ८ = ३२ | ८ |
| तरंग | ६ | ४ | १ × ६ = ६ | दीड |
| घूर्णन गती | ८ | ४ | १ × ८ = ८ | २ |

वजनांची बेरीज १०० आली, तास २५, म्हणजे चार वजनाला एक तास. सरसकट वाटणी केली असती तर प्रत्येकाला ५ तास आले असते. उष्मागतिकीला ३ तास कमी पडले असते आणि तरंगांना साडेतीन तास जास्त गेले असते.

घटकाच्या आतही हाच हिशेब चालतो. विद्युत धारेच्या साडेसात तासांतले किरचॉफ आणि व्हीटस्टन सेतूला प्रत्येकी अडीच, जोडणीला दोनाला थोडे कमी, आणि ओहमच्या नियमाला जेमतेम ४० मिनिटं.

गुण माहीत नसतील तर जुन्या प्रश्नपत्रिका काढून त्या घटकावर साधारण किती प्रश्न येतात ते मोजा. तेही नसेल तर महत्त्वाला १, २, ३ असा आकडा द्या. या हिशेबात अर्ध्या तासाच्या खालची बारकाई निरर्थक आहे, पूर्णांक करून टाका.

७. हे स्प्रेडशीटमध्ये कसं बसवायचं?

पहिल्या ओळीत शीर्षकं, A मध्ये घटक, B मध्ये गुण, C मध्ये आकडा. D2 मध्ये वजन आणि E2 मध्ये तास:

```
=(5-C2)*B2
=D2/SUM(D$2:D$6)*25
```

दोन्ही सूत्रं सहाव्या ओळीपर्यंत खाली ओढा. २५ च्या जागी तुमचे तास, ६ च्या जागी तुमची शेवटची ओळ. कागदावर केलं तरी तितकंच चांगलं. यादी भिंतीवर लावली तर ती जास्त वेळा पाहिली जाते असा माझा अनुभव आहे.

८. उष्मागतिकीला ८ तास आले. शनिवारी-रविवारी चार-चार तास बसून संपवून टाकू?

नको. एका बैठकीला एका घटकाचा दीड तास पुरे, म्हणजे ८ तासांच्या पाच-सहा बैठका होतील. त्या दोन आठवड्यांवर पसरा. मधल्या दिवसांत थोडं विसरलं जातं आणि परत आठवताना कष्ट पडतात. ते कष्टच उपयोगाचे असतात. शिवाय सलग बसलात तर प्रश्न ४ मध्ये सांगितलेलं अंतर राहतच नाही आणि आकडा फुगतो.

बैठकीत काय करायचं तेही आकड्यावर ठरतं. आकडा १ असेल तर थेट गणितांना हात घालू नका. आधी संकल्पना वाचा, मग दोन सोडवलेली उदाहरणं ओळीओळीने समजून घ्या. २ असेल तर सोडवलेलं उदाहरण झाका, स्वतः सोडवा, अडलात तर एकच ओळ उघडा. ३ असेल तर वाचन बंद, फक्त नवे आणि फिरवलेले प्रश्न. पुष्कळ मुलं तिन्ही आकड्यांना एकच औषध देतात, पुन्हा वाचन, आणि मग जास्त तास देऊनही आकडा जागचा हलत नाही.

९. आकडे पुन्हा किती दिवसांनी तपासायचे? आणि आकडा खाली आला तर?

कच्चे मुद्दे त्यांच्या प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला तपासा, एका प्रश्नाने. पूर्ण यादी मात्र ठरलेल्या तासांपैकी निम्मे संपल्यावर एकदा तपासा आणि उरलेले तास नव्याने वाटा.

त्या मुलीचे साडेबारा तास झाले तेव्हा चित्र असं होतं: विद्युत धारा २ वरून ३, उष्मागतिकी १ वरून २, घूर्णन गती ४ वरच. पण प्रकाश ३ वरून २ आणि तरंग ४ वरून ३ असे खाली आले होते. नवी वजनं झाली विद्युत २०, प्रकाश ३६, उष्मागतिकी २४, तरंग १२, घूर्णन ८. बेरीज पुन्हा १००, उरलेले तास साडेबारा, म्हणजे आठ वजनाला एक तास. प्रकाशाला साडेचार तास मिळाले आणि तो यादीत सर्वांत वर गेला. विद्युत धारेला अडीच आले.

ती रडवेली झाली होती, अभ्यास करून आकडे घसरले म्हणून. पण खाली आलेल्या दोन आकड्यांची कारणं वेगळी होती. तरंग ती खरंच विसरली होती, कारण दीड तासांतला एकही अजून दिला नव्हता. प्रकाशाचा जुना ३ चुकीचा होता. तो एकाच सोप्या प्रश्नावरून टाकला होता, आणि दुसऱ्या वेळी भिंगांच्या जोडीचा प्रश्न आल्यावर खरी स्थिती कळली. पहिल्याला एक बैठक पुरते. दुसऱ्याला शिकण्यापासून सुरुवात लागते. आकडा घसरला की आधी या दोहोंपैकी काय घडलं ते शोधा.

१०. ज्याला ४ मिळाले तो मुद्दा यादीतून काढून टाकू का?

काढू नका, वरचं उत्तर त्याचंच उदाहरण आहे. सूत्रात ४ चा कच्चेपणा शून्य होत नाही, १ राहतो, तो मुद्दाम तसा ठेवला आहे. ४ च्या मुद्द्यांना वेगळी बैठक नको. बाजूला काढलेल्या ५ तासांत मिश्र प्रश्नपत्रिका सोडवताना त्यांचे प्रश्न येऊ द्या.

११. मी सगळीकडे १-२ टाकते, माझा धाकटा भाऊ सगळीकडे ४ टाकतो. आमच्या याद्यांचा काही उपयोग आहे का?

सगळे आकडे सारखे असले की वाटणी सरसकट होते, त्यामुळे आहेत तशा उपयोग नाही. पण दोघांचाही इलाज अंदाज आणि निकाल यांच्या रकान्यांत आहे (प्रश्न ५). दहा मुद्द्यांचे अंदाज आणि निकाल शेजारी मांडा. तुमचा निकाल अंदाजापेक्षा बहुतेक वेळा वर येत असेल तर तुम्ही स्वतःला कमी लेखता, आणि येणाऱ्या मुद्द्यांवर तास घालवत बसाल. भावाचा उलट. त्याच्याशी वाद घालू नका, पुस्तक मिटून कागद पुढे ठेवा. शब्दांनी न पटणारी गोष्ट स्वतःच्या अक्षरातल्या अर्धवट उत्तराने पटते.

तास वाटताना दोघांनीही निकालाचाच आकडा घ्यायचा. पालकांनी परस्पर आकडा टाकायचा नाही. प्रश्न काढून द्यावा, वेळ लावावी, उत्तर ताडून पाहायला बसावं.

१२. इतिहास, भाषा, जीवशास्त्र यांत ‘सुटला, नाही सुटला’ असं नसतं. तिथे आकडा कशावरून?

कोऱ्या कागदावरून. मुद्द्याचं नाव वर लिहा, दहा मिनिटं आठवेल ते लिहा, मग पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या शाईने भरा. दुसऱ्या शाईचा मजकूर अर्ध्याहून जास्त असेल तर २ च्या वर जाऊ नका. मुख्य गोष्टी आल्या पण कारण आणि परिणाम यांची साखळी तुटली तर ३. जीवशास्त्रात आकृती नावांशिवाय काढा आणि मग नावं द्या.

निबंध आणि रसग्रहण यांत मात्र ही पद्धत अर्धीच चालते. तिथे मुद्दे आठवणं वेगळं आणि मांडणं वेगळं, म्हणून यादीत दोन ओळी ठेवा. मांडणीचा आकडा स्वतः टाकू नका, शिक्षकांकडून तपासून घ्या. स्वतःच्या लिखाणातला विस्कळीतपणा आपल्याला दिसत नाही.

१३. एका मुद्द्याला सहा तास दिले, आकडा १ चा १ च. अजून तास देऊ?

थांबा. बहुधा अडचण त्या मुद्द्यात नाही, त्याच्या पायात आहे. उष्मागतिकीत समतापी प्रसरणाचं कार्य W = nRT ln(V₂/V₁) असं येतं. एक मुलगा इथे तीन बैठका अडून होता. वायूंचे नियम त्याला येत होते. 1/V चं इंटिग्रेशन करून ln का येतो हे त्याला कधी कळलंच नव्हतं, त्यामुळे सूत्र पाठ व्हायचं आणि पुसलं जायचं. आम्ही यादीत ‘1/x चं इंटिग्रेशन आणि लॉगॅरिदम’ अशी नवी ओळ घातली आणि तिला दीड तास दिला. समतापी प्रसरण त्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत २ वर आलं.

ओळखायचं असं: अडतं ती ओळ शोधा आणि स्वतःला विचारा, ही ओळ याच धड्यात शिकवली आहे का? उत्तर नाही असेल तर जिथे शिकवली आहे तो मुद्दा यादीत घाला. दोन बैठकांनंतर आकडा हलला नाही तर हा शोध घ्यायचा, सहा तास वाट पाहायची नाही.

१४. परीक्षेला तीन दिवस राहिले आहेत. सूत्राप्रमाणे सगळा वेळ १ वाल्यांना जातोय. तसंच करू?

करू नका. इथे सूत्र बाजूला ठेवायचं. ते धरून चालतं की दिलेल्या तासांत आकडा वर चढेल, आणि तीन दिवसांत १ चा ३ क्वचितच होतो. २ चा ३ होतो आणि ३ पक्का होतो.

लिसा सन आणि जॅनेट मेटकाफ यांच्या २००० च्या अभ्यासात वेळेचा ताण असताना लोक सोप्याकडे वळताना दिसले. पुढे मेटकाफ यांनी मांडलं की जे जवळजवळ येतंय पण पुरतं आलेलं नाही, त्यावर वेळ घालवणं फायद्याचं ठरतं. म्हणजे शेवटच्या दिवसांत सोप्याकडे वळणं हा आळस असेलच असं नाही.

म्हणून क्रम बदला: आधी जास्त गुणांचे २ आणि ३, मग ४ ची एक धावती फेरी. १ वाल्यांपैकी फक्त ते घ्या ज्यांत व्याख्या, आकृती किंवा एका पायरीचं गणित यांवर स्वतंत्र गुण मिळतात, आणि तेवढंच करा. अख्खा १ सोडून देण्याचा निर्णय पहिल्याच दिवशी घ्या आणि यादीवर तशी आडवी रेघ मारा. नाहीतर तीनही दिवस त्याची टोचणी लागते आणि येणारा अभ्यासही नीट होत नाही.

१५. पाच विषय आहेत. सगळ्यांची एकच यादी करून एकाच सूत्राने तास वाटू का?

याद्या वेगळ्या ठेवा. विषयांमधली वाटणी आधी करा: परीक्षांच्या तारखा, मधल्या सुट्ट्या आणि विषयाचे एकूण गुण पाहून प्रत्येकाला ठोक तास द्या. मग त्या तासांत प्रश्न ६ चं सूत्र चालवा. एकत्र यादीत दोन अडचणी येतात. गणितातला ३ आणि इतिहासातला ३ वर न्यायला लागणारे तास सारखे नसतात. आणि एक विषय फारच कच्चा असेल तर तो बाकीच्या चारांचे तास गिळतो. तसं होत असेल तर त्या विषयाला वरची मर्यादा घाला, एकूण तासांच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नाही.

१६. एकाच सूत्रातल्या धन-ऋण खुणा दोन विषयांत वेगळ्या आहेत. दोन्हीकडे ४ होते, आता दोन्हीकडे चुकतंय. आकडा कुठे कमी करू?

हे बहुतेक वेळा उष्मागतिकीच्या पहिल्या नियमात होतं. भौतिकशास्त्रात तो ΔQ = ΔU + W असा लिहितात आणि W म्हणजे वायूने केलेलं कार्य. रसायनशास्त्रात ΔU = q + w लिहितात आणि w म्हणजे वायूवर केलेलं कार्य. दोन्ही बरोबर आहेत, फक्त कार्याची खूण उलट आहे. वेगवेगळ्या दिवशी तपासलं तर दोन्हीकडे ४ मिळतात, कारण त्या दिवशी एकच पद्धत डोक्यात असते. दोन्ही विषयांची उजळणी एका आठवड्यात आली की गोंधळ वर येतो.

दोन्ही ठिकाणी आकडा ३ करा आणि ‘पहिला नियम, दोन्ही खुणा’ अशी तिसरी ओळ घाला. तिचा प्रश्न असा बनवा: वायूला १०० ज्यूल उष्णता दिली, त्याने प्रसरण पावताना ४० ज्यूल कार्य केलं, अंतर्गत ऊर्जा किती वाढली ते दोन्ही पद्धतींनी काढा. पहिल्यात 100 = ΔU + 40, दुसऱ्यात ΔU = 100 + (-40). दोन्हीकडे ६० ज्यूल यायला हवेत. ते दोन वेगळ्या दिवशी न अडखळता आले की तिन्ही ओळींवर ४ लिहा.